वाफबाईंनी आधी कळवलं नव्हतं

हॉस्पिटलच्या तळघरात, जिन्याच्या डाव्या हाताला एक जाड दार होतं. त्या दारामागे बावीस वर्षं एक बाई उभी राहून काम करत आली होती. वरच्या मजल्यांवर डॉक्टर बदलले, परिचारिका बदलल्या, भिंतींचे रंग बदलले. खाली ही बाई मात्र तशीच. ऑपरेशनला लागणारी हत्यारं मळलेल्या बाजूने तिच्याकडे यायची. ती धुऊन, सुकवून, भिंगाखाली पाहून, कापडात बांधून ती ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या मोठ्या पोलादी बंबात घालायची आणि निर्जंतुक करून स्वच्छ बाजूने वर पाठवायची. बंब सुरू करण्याआधी एक क्षण डोळे मिटायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "वर टेबलावर कोण झोपणार आहे ते आपल्याला माहीत नसतं. देवाला माहीत असतं." एवढंच. त्यावर प्रवचन नाही.

तिला सगळे वाफबाई म्हणायचे. लिफ्टवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे. घरीसुद्धा नवरा कधी लाडात आला की म्हणायचा, "काय वाफबाई, आज प्रेशर जास्त दिसतंय!" नवरा घड्याळं दुरुस्त करायचा आणि बोलायचा बेताचंच, पण जे बोलायचा ते नेमकं लागायचं.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वाफबाईंवर नवी नोकरी शोधायची वेळ आली. हॉस्पिटलने हत्यारं धुण्या-उकळण्याचं काम बाहेरच्या एका कंपनीला द्यायचं ठरवलं होतं. महिनाअखेरीला तळघराला कुलूप. बरोबरच्या दोघी तरुण होत्या. त्यांना कंपनीने घेतलं. वाफबाईंना कंपनीचा साहेब म्हणाला, "तुमचा अनुभव आमच्यासाठी जरा जास्तच आहे." याचा अर्थ न कळायला त्या काही लहान नव्हत्या.

मग शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका नव्या हॉस्पिटलची जाहिरात दिसली. निर्जंतुकीकरण विभागाला प्रमुख हवी होती. मुलाखत चांगली झाली. समोरच्या तिघांपैकी एकाने विचारलं, "हत्यारांबरोबर ठेवलेल्या तपासणीच्या पट्टीचा रंग अर्धाच बदलला तर काय कराल?" आणि वाफबाई दहा मिनिटं बोलल्या. बोलून झाल्यावर स्वतःच लाजल्या. निघताना एक फॉर्म भरून घेतला गेला: तुमचं काम पाहिलेल्या दोन वरिष्ठांची नावं, फोन आणि ई-मेल द्या.

वाफबाईंनी दोन नावं लिहिली. एक मोठे डॉक्टर, चार वर्षांपूर्वी हॉस्पिटल सोडून स्वतःचा दवाखाना थाटलेले सर्जन. दुसऱ्या मेट्रनबाई, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या. दोघांनाही त्यांनी पूर्वी कधीतरी, "लागलं तर तुमचं नाव देऊ का?" असं विचारलं होतं आणि दोघंही हो म्हणाले होते. पण ते दीड वर्षापूर्वी. आता नाव दिल्यावर त्यांनी कुणालाच काही कळवलं नाही. विसरल्या म्हणून नव्हे. मुद्दामच.

"आपल्या पाठीमागे आपल्याबद्दल कोण काय बोलणार, त्यात आपण हात घालू नये," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आधी फोन करून सांगायचं, असं असं विचारतील हं, म्हणजे पढवल्यासारखंच ना? खरं असेल ते देव त्यांच्या तोंडून वदवेल."

नवऱ्याने भिंगातून नजर न काढता म्हटलं, "देवाला फोन नंबर दिलायस ना त्यांचा?"

"थट्टा नको."

"बरं, नाही करत."

बुधवारी दुपारी पावणेदोनला, जेवणाच्या सुट्टीत, लॉकरमधून फोन काढला तर तीन मिस्ड कॉल. नव्या हॉस्पिटलचा नंबर. वाफबाईंनी डबा तसाच झाकून ठेवला आणि जिन्याखाली जाऊन फोन लावला. पलीकडे भरतीचं काम पाहणारी मुलगी होती. आवाज मऊ, पण घाईतला.

"मॅडम, तुमच्या रेफरन्सबद्दल थोडा प्रॉब्लेम आहे. आम्ही डॉक्टरांना सकाळी फोन केला. ते म्हणाले, या नावाची कुणी व्यक्ती त्यांच्याबरोबर कधी नव्हती."

वाफबाईंना आधी वाटलं, या मुलीने दुसऱ्याच कुणाची तरी फाइल उघडली. "नव्हती म्हणजे? मी नऊ वर्षं त्यांची हत्यारं दिलीत."

"मी दोनदा विचारलं मॅडम. त्यांनी फोन ठेवला. पेशंट होते समोर. आणि दुसऱ्या बाईंना सोमवारी मेल केला आहे, त्यात भरायचा फॉर्म आहे. त्यांचं काहीच उत्तर नाही. फोनही उचलत नाहीत." मग तिने आवाज आणखी मऊ केला. "उद्या दुपारी बारा वाजता कमिटीकडे फाइल जाते. तोपर्यंत दोन्ही रेफरन्स आले नाहीत, तर पुढच्या उमेदवाराची फाइल जाईल. मला तुमच्यासाठी थांबता येणार नाही."

वाफबाई जिन्याखाली उभ्या राहिल्या. हात पाण्याने सुरकुतलेले होते, ते साडीला पुसले, पुन्हा पुसले. डॉक्टरांनी ओळख नाकारली? राग धरला की काय? रागाला कारण होतं, आणि ते वाफबाईंना पक्कं ठाऊक होतं.

ती गोष्ट अशी. बारा वर्षांपूर्वी एका सकाळी हत्यारांचे सात संच बंबातून बाहेर आले. बाहेरच्या चिकटपट्टीवरच्या रेघा काळ्याभोर, म्हणजे सगळं ठीक. पण एका संचाचं कापड कडेला ओलसर लागलं म्हणून वाफबाईंनी तो उघडला. आतल्या कागदी पट्टीचा रंग पूर्ण बदलला नव्हता. वाफ आतवर पोचलीच नव्हती. त्यांनी सातही संच अडवले. वर पेशंट टेबलावर, भूल द्यायची बाकी. डॉक्टर स्वतः तळघरात उतरून आले आणि दारातच ओरडले, "एक पट्टी पिवळी राहिली म्हणून सातही संच? द्या इकडे!" वाफबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मला ढकलून न्या सर, पण मी देणार नाही." पंचावन्न मिनिटं ऑपरेशन थांबलं. डॉक्टरांनी लेखी तक्रार केली आणि मेट्रनबाईंनी वाफबाईंना मेमो दिला: वरिष्ठांशी उद्धट वर्तन. दोन दिवसांनी मेकॅनिकला बंबाच्या दाराचं रबर फाटलेलं सापडलं. मेमो मात्र कुणी मागे घेतला नाही. तो फाइलमध्ये राहिला. पुढे डॉक्टर स्वतःच वर सांगू लागले, "माझा संच वाफबाईंच्याच हातचा हवा." त्यावरून वाफबाईंनी समजून घेतलं होतं की मिटलं.

मिटलं नसेल तर? आणि मेट्रनबाई? ती बाई कधी कुणाचं कौतुक करायची नाही. शिवाय मेमो तिच्याच सहीचा.

संध्याकाळी पाच वाजता त्या घरी आल्या आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसल्या. नवऱ्याने चेहरा पाहिला, हातातलं घड्याळ खाली ठेवलं आणि थट्टा न करता उठून आपल्या बहिणीच्या मुलीला फोन लावला. भाची एका कारखान्यात कर्मचारी भरतीच्याच कामात होती. अर्ध्या तासात ती लॅपटॉप घेऊन हजर झाली.

"मामी, आधी हे सांग, त्या दोघांना तू कळवलं होतंस का?"

"काय कळवायचं?"

"कुठून फोन येणार, कशासाठी येणार, कोणती जागा आहे."

"नाही. मी म्हटलं, पढवल्यासारखं होईल."

भाचीने कपाळाला हात लावला. "अगं मामी! साक्षीदाराला पढवणं वेगळं आणि तारखेला हजर राहा म्हणून कळवणं वेगळं. मी रोज अशा माणसांना फोन करते. ज्याला माहीत नसतं तो काय म्हणतो ठाऊक आहे? 'हो, होती, चांगली होती, बरं ठेवतो.' संपलं. त्यात मी काय लिहू? चांगली होती?"

"पण डॉक्टर तर नव्हतीच म्हणाले."

"कोणतं नाव सांगितलं असेल त्यांना?"

"माझं. कागदावरचं."

भाची सावकाश म्हणाली, "डॉक्टरांनी तुला त्या नावाने कधी हाक मारली?"

वाफबाईंनी आठवून पाहिलं. नऊ वर्षं. एकदाही नाही. संचाच्या चिठ्ठीवर सहीच्या जागीही त्या नुसता आकडा लिहायच्या, विभागाचा क्रमांक. तक्रारीतसुद्धा डॉक्टरांनी 'तळघरातील कर्मचारी' असंच लिहिलं होतं.

"त्यांना माझं नावच माहीत नाही," वाफबाई म्हणाल्या. म्हणताना त्यांना रडू येईल असं वाटलं, पण आलं हसूच, आणि तेही अर्धवट.

"राग-बिग काही नाही मामी. दवाखान्यात पेशंट समोर, अनोळखी नंबर, अनोळखी नाव. मीसुद्धा नव्हतीच म्हणाले असते." भाचीने लॅपटॉप उघडला. "चल. सांग, मी टाइप करते. आधी डॉक्टर."

वाफबाईंनी घसा साफ केला. "आदरणीय सर, आपल्या चरणी साष्टांग नमस्कार. मी एक गरीब, कष्टाळू..."

"थांब, थांब. ते कीर्तनाला नाही बसलेत. दोन रुग्णांच्या मध्ये वाचणार आहेत. पहिल्या ओळीत तू कोण. सांग."

शेवटी पत्र झालं ते असं:

'सर, नमस्कार. मी तळघरातली वाफबाई. कागदोपत्री माझं नाव खाली सहीत दिलं आहे. आज सकाळी तुम्हाला त्याच नावाने विचारणा झाली. मी तुम्हाला आधी कळवायला हवं होतं, ती चूक माझी. नव्या हॉस्पिटलमध्ये निर्जंतुकीकरण विभागाच्या प्रमुखपदासाठी माझी मुलाखत झाली आहे. कामाचं वर्णन आणि माझी माहिती सोबत जोडली आहे. या जागेवर हत्यारांचा दर्जा तपासणं, शंका आली तर संच अडवणं आणि नव्या मुलांना शिकवणं हे काम आहे. मी तुमच्या ऑपरेशन थिएटरसाठी नऊ वर्षं काम केलं. भरती विभागातील मॅडमचा फोन नंबर खाली आहे. त्यांना उद्या दुपारी बाराच्या आत उत्तर हवं आहे. तुम्हाला जमणार नसेल तर तसं मला निःसंकोच कळवा.'

"जमणार नसेल तर, हे कशाला?" नवरा म्हणाला. "उगीच वाट दाखवायची."

"वाट ठेवावी मामा," भाची म्हणाली. "जुलमाने दिलेला रेफरन्स फोनवर लगेच ओळखू येतो."

दुसरं पत्र मेट्रनबाईंना. इथे भाची अडली. "मामी, सोमवारी त्यांना मेल गेलाय आणि उत्तर नाही. त्यात लिंक असणार. वयस्कर माणसं अनोळखी लिंक उघडत नाहीत, आणि बरोबरच करतात. म्हणून आपण लिहू, फॉर्म अमुक पत्त्यावरून आलाय, विषय असा आहे, तो खरा आहे. हवं तर हॉस्पिटलच्या मुख्य नंबरवर फोन करून खात्री करा." टाइप करता करता ती थांबली. "आणि एक ओळ टाकू? की तो मेमो... म्हणजे जुन्या गोष्टींचा उल्लेख टाळावा, अशी विनंती?"

वाफबाई उठून उभ्या राहिल्या. "नाही."

"मामी, फॉर्ममध्ये हमखास प्रश्न असतो. वरिष्ठांशी वागणूक कशी होती. त्या बाईंनी तिथे उद्धट असं लिहिलं ना, तर..."

"तर लिहू दे. खोडायला सांगणार नाही. हे मात्र पढवणंच झालं."

भिंतीवरची दुरुस्तीला आलेली चार घड्याळं चार वेगवेगळ्या वेळा दाखवत टिकटिकत होती. भाचीची बोटं कळांवर तशीच थांबलेली.

"मग तू सांग तसं लिहिते," ती शेवटी म्हणाली.

वाफबाईंनी एकेक शब्द तोलून सांगितला: 'तुम्ही मला मेमो दिला होतात. फॉर्ममध्ये विचारलं तर तो लिहायला माझी हरकत नाही. जागा कोणती आहे आणि त्यात काय काम करावं लागेल ते सोबतच्या कागदावर आहे. तेवढं वाचून मग जे योग्य वाटेल ते लिहावं, एवढीच विनंती.'

भाचीने ते वाचलं, पुन्हा वाचलं. "हे मी कुणाला लिहू दिलं नसतं," ती म्हणाली. "पण जाऊ दे. तुझं पत्र आहे." दोन्ही मेल साडेसहाच्या आत गेले. मग दोघांच्या मोबाइलवर एक ओळीचा निरोप: मेल पाठवला आहे, कृपया पाहावा. भाची निघताना दारात वळून म्हणाली, "आता फोन करकरून त्यांना भंडावू नकोस. उद्या सकाळी एकदाच."

वाफबाईंनी देवापुढे हात जोडले. काय मागावं ते सुचेना. नोकरी दे म्हणायचं मनात होतं. तोंडून निघालं ते, "त्या बाईंना मेल उघडता येऊ दे."

गुरुवारची पाळी सकाळी सातची. स्वच्छ बाजूला फोन न्यायला मनाई, म्हणून फोन लॉकरमध्ये. पहिल्या खेपेआधी रिकाम्या बंबाची चाचणी केली, आतला चाचणीचा कागद बाहेर काढून उजेडात धरला. रंग सगळीकडे सारखा. एरवी एवढ्याने जिवाला बरं वाटायचं. आज नाही वाटलं. बरोबरच्या दोघींपैकी एकीने विचारलं, "बाई, एकच कात्री तिसऱ्यांदा तपासताय. ती काय पळून चाललीय?"

साडेनऊला त्यांनी दोघांना एकेकदा फोन केला. डॉक्टरांचा बंद. मेट्रनबाईंचा वाजला, वाजला आणि थांबला.

दहाला, दोन खेपांच्या मध्ये, पुन्हा लॉकर उघडलं. काही नाही. साडेदहाला काही नाही. अकराला तळघरात येऊन पडलेले बारा संच वाट पाहत होते, तरी त्या हातमोजे काढून निघाल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बावीस वर्षांत बाईंनी चालू काम टाकून दार उघडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

फोन हातात घेतला आणि तो हातातच वाजला. मोठे डॉक्टर.

"काय गं, हे एवढं लांबलचक नाव तुझं आहे होय?"

"हो सर."

"आणि मी त्या मुलीला ठणकावून सांगितलं की असलं कुणी नव्हतंच! तिने पुन्हा विचारलं तर तिच्यावरच डाफरलो. अगं, तिने वाफबाई म्हटलं असतं तर..." ते मध्येच थांबले. मागे कुणीतरी त्यांना हाका मारत होतं. "हे बघ, मला पाच मिनिटांत आत जायचंय. नंबर कुठे तिचा?"

"मेलमध्ये खाली आहे सर."

"सापडला. किती वाजेपर्यंत?"

"बारा."

"म्हणजे आत्ताच लावावा लागणार. ठेव." आणि फोन बंद. त्यांनी लावला की लावता लावता आत गेले, कळायला मार्ग नाही.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मेट्रनबाईंचा फोन आला. नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही.

"मुलाने सोमवारीच तो मेल उडवून टाकला होता. म्हणाला, आई, फसवणूक असते ही. तुझं पत्र आलं तेव्हा कचऱ्यातून शोधून काढायला लावला. आधी का नाही कळवलंस?"

"चुकलं बाई."

"चुकलंच. मी त्यांच्या मुख्य नंबरवर फोन करून खात्री केली. फॉर्म माझ्यासमोर उघडा आहे. सहा प्रश्न आहेत." कागद सरकवल्याचा आवाज आला. "तो मेमो मी दिला होता."

"हो बाई."

"तो खरा होता. तू डॉक्टरांना मला ढकलून न्या म्हणालीस. शिपाई ऐकत होते, परिचारिका ऐकत होत्या. असं बोलायचं नसतं."

"हो बाई."

"मी खोटं लिहीत नाही, तुला माहीत आहे."

"नका लिहू."

वाफबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा बेचाळीस. फोन कानाला लावलेला हात दुखायला लागला होता, पण हात बदलायचं धैर्य होईना.

"हा जागेचा कागद मी वाचला," मेट्रनबाई म्हणाल्या. "यात लिहिलंय, शंका असल्यास कोणाच्याही दबावाला न जुमानता संच रोखून धरण्याचा अधिकार व जबाबदारी. कोणाच्याही, असं लिहिलंय." त्यांनी कागद बाजूला ठेवला. "आमच्या वेळी असं कुठे लिहिलेलं नव्हतं. तुला कुणी अधिकार दिला नव्हता. म्हणून तो मेमो."

"हो बाई."

"हो बाई, हो बाई काय लावलंस! चौथा प्रश्न आहे वरिष्ठांशी वागणुकीचा. काय लिहिणार ते वाचून दाखवू?"

वाफबाईंच्या ओठांवर हो आलं होतं. अख्खा जीव कानात गोळा झाला होता. पण त्या म्हणाल्या, "नको बाई. ते तुमचं आणि त्यांचं. मला नका सांगू."

"बरं," मेट्रनबाई म्हणाल्या. फोन बंद झाला.

बारा वाजले. सव्वाबारा. वाफबाई परत आत गेल्या, हात धुतले, हातमोजे चढवले आणि बारा संच एकेक करून बांधायला घेतले. चिमटे, कात्र्या, पकडी, मोजून जागच्या जागी. एकही चूक झाली नाही. चूक झाली नाही याचंही त्यांना नंतर नवल वाटलं. बरोबरच्या मुलीने विचारलं, "झालं का काम तुमचं?" त्या म्हणाल्या, "माझ्या हातचं झालं."

तीन वाजता पाळी संपली. भरतीच्या मुलीचा फोन यायला साडेतीन झाले. वाफबाई बसथांब्यावर उभ्या होत्या. दोन बस येऊन गेल्या, त्यांनी पाहिल्याच नाहीत.

"मॅडम, दोन्ही रेफरन्स आले. डॉक्टरांचा अकरा वाजून पाच मिनिटांनी, बाईंचा बाराला चार मिनिटं कमी असताना." ती हसली. "डॉक्टरांनी आधी माझी माफी मागितली. कमिटीने तुमची निवड केली आहे. पत्र सोमवारी येईल."

वाफबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "त्यांनी... बाईंनी काय लिहिलं?" तोंडून निघून गेलंच.

"ते मला सांगता येत नाही मॅडम. ते गोपनीय असतं. एवढंच सांगते, कमिटीत चौथ्या उत्तरावर बराच वेळ बोलणं झालं. आणि त्यानंतर मत फिरलं." मग म्हणाली, "कुठून कुठे फिरलं, तेही नाही सांगता येणार."

फोन ठेवून वाफबाई बाकावर बसल्या. कुणी पाहत नव्हतं असं नाही, पण त्यांनी तिथेच हात जोडले, पदर डोळ्यांना लावला, नाक पुसलं. मग फोन पुन्हा काढला. आधी घरी नव्हे. मेट्रनबाईंना.

"बाई, मला घेतलं त्यांनी."

"हं," मेट्रनबाई म्हणाल्या. "कळवलंस, बरं केलंस. मी आजवर कितीजणींना असली पत्रं दिली असतील. पुढे काय झालं ते सांगायला कुणी फोन करत नाही."

"तुमच्यामुळे झालं बाई."

"माझ्यामुळे काही झालं नाही. मी जे झालं तेच लिहिलं." मग कडक आवाजातच, "आणि तिथे गेल्यावर जिभेला आवर घाल. अधिकार मिळाला म्हणजे ओरडायलाच हवं असं नाही. संच अडवायचा, पण आवाज न चढवता. ऐकतेस ना?"

"ऐकते बाई."

"डॉक्टरांनाही कळव. ते विचारणार नाहीत, पण वाट पाहत असतील."

वाफबाईंनी डॉक्टरांना फोन केला नाही. त्यांची ऑपरेशनची वेळ होती. त्यांनी बाकावर बसूनच, एका बोटाने, चष्मा वर-खाली करत मेल लिहायला घेतला. पहिल्या ओळीत आपलं कागदावरचं नाव लिहिलं. पुढे काय लिहावं याचा त्या विचार करत होत्या, तेवढ्यात तिसरी बस आली आणि तीही निघून गेली.